लॉट घेताना आणि विकताना: या चुका टाळा

ब्रोकरच्या ऑफिसात माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "ऑर्डर रिजेक्ट झाली, ॲप बिघडलंय." परवा एक निवृत्त सर असेच आले. खात्यात एका एसएमई कंपनीचे, म्हणजे बाजाराच्या वेगळ्या विभागात लिस्ट झालेल्या छोट्या कंपनीचे ३,००० शेअर, त्यातले ६०० विकून घराचं रंगकाम करायचं होतं. दोनदा ऑर्डर टाकली, दोनदा परत आली.

ॲप ठणठणीत होतं. सरांनी हे शेअर आयपीओत ९८ रुपयांनी घेतले होते आणि त्या भावाला लॉट, म्हणजे एकत्रच घ्यायचा-विकायचा गठ्ठा, होता १,२०० शेअरचा. जुलै २०२५पासून एसएमई आयपीओत किमान दोन लॉटचा आणि दोन लाखांच्या वरचा अर्ज करावा लागतो, म्हणून त्यांचे २,४०० शेअर, म्हणजे २,३५,२०० रुपये गेले. पुढे कंपनीने चारास एक बोनस दिला आणि ६०० शेअर वाढले. पण एसएमई शेअर लिस्टिंगनंतरही लॉटच्या पटीतच विकावा लागतो. लॉट अजून १,२००चाच असल्यामुळे २,४०० शेअर विकता येत होते, वरचे ६०० नाहीत. बोनस मिळाला याचा आनंद, आणि विकायला गेलं की दार बंद.

यावर नियमात वाट आहे, पण ती फारशी कुणी सांगत नाही. एसएमई शेअरला लिस्टिंगपासून किमान तीन वर्षं मार्केट मेकर, म्हणजे घ्यायचा आणि विकायचा भाव सतत देत राहणारा ब्रोकर, असावाच लागतो. त्याचं नाव आयपीओच्या प्रॉस्पेक्टसमध्ये असतं. एखाद्या भागधारकाकडचे सगळे शेअर मिळून किमान सौद्याच्या, म्हणजे साधारण एका लॉटच्या रकमेपेक्षा कमी भरत असतील, तर ते सगळेच्या सगळे एकाच वेळी विकत घेणं मार्केट मेकरवर बंधनकारक आहे. इथे चूक होते ती क्रमाची. तुमचा पूर्ण साठा बघितला जातो, त्यामुळे आधी पूर्ण लॉट विकायचे आणि मग उरलेली फुटकळ संख्या एका झटक्यात द्यायची. सरांचे ६०० शेअर ७८च्या भावाने ४६,८०० रुपयांचे होते, म्हणजे नियमात बसत होते. पण २,४०० विकल्यावरच. त्यांना सगळेच विकायचे नव्हते, म्हणून त्यांनी एक लॉट विकला आणि बाकीचे तसेच ठेवले. रंगकामाला लागत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे हातात आले. "अर्धा नफा काढून घेतो" हे एक लॉट असणाऱ्याला जमतच नाही. विकायला बसण्याआधी एक्सचेंजवर त्या दिवसाचा लॉट मात्र बघून घ्या. भाव हलला की एक्सचेंज तो बदलू शकतं.

दुसरी चूक त्याच टेबलावर झाली. सर ७८ धरून हिशोब करत होते, कारण शेवटचा सौदा त्या भावाला झाला होता. मार्केट डेप्थ उघडली तर घेणारा ७४.५० देत होता आणि विकणारा ७९ मागत होता. मार्केट ऑर्डर टाकली असती तर १,२०० शेअरवर ४,२०० रुपये तिथेच गेले असते. आम्ही ७६.५०ची लिमिट लावली. दुपारी अडीचला सौदा झाला.

मुख्य बाजारातल्या शेअरला लॉटची कटकट नाही, पण तिथे टिक नडते. टिक म्हणजे भाव कमीत कमी जितक्या पैशांनी सरकतो तो टप्पा. एनएसईवर १५ एप्रिल २०२५पासून २५० रुपयांच्या आतल्या शेअरला १ पैसा, त्यावर १,०००पर्यंत ५ पैसे आणि पुढे ५,०००पर्यंत १० पैसे अशी टिक आहे, त्याहून महाग शेअरला आणखी मोठी. कोणत्या शेअरला कुठली टिक, हे महिन्याच्या शेवटच्या दिवशीच्या बंद भावावर ठरतं. म्हणून जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर, लावून विसरणारे अडकतात. समजा शेअर ९८५ला असताना तुम्ही १,०६०.३५ला विक्रीची जीटीटी लावली आणि महिनाअखेर शेअर १,०१२ला बंद झाला. आता टिक १० पैशांची झाली. भाव तिथे पोचला, जीटीटी पेटली, ऑर्डर एक्सचेंजकडे गेली आणि ३५ पैशांपायी परत आली. एक हजारच्या आसपासच्या शेअरला भाव लिहिताना पैसे दहाच्या पटीतच ठेवा. ५ पैशांची टिक असली तरी चालतं. जुन्या जीटीटी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा डोळ्यांखालून घाला.

स्वस्त शेअरमध्ये १ पैशाची टिक उलट उपयोगी पडते. १२ रुपयांना घेणाऱ्यांची रांग कायम लांब असते, कारण सगळ्यांना पूर्णांक आवडतो, आणि एकाच भावाच्या ऑर्डरींत आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो. १२.०१ लिहिलं की त्या अख्ख्या रांगेच्या पुढे जाता येतं. हजार शेअरवर जास्तीचे दहा रुपये.

उरली किमान ऑर्डर. मुख्य बाजारात एक शेअरही विकता येतो, पण विक्रीच्या दिवशी प्रत्येक कंपनीमागे डीपी चार्ज, म्हणजे डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क लागतं, साधारण १५ रुपयांच्या आसपास, संख्या कितीही असो. १५० रुपयांचे चार शेअर चार दिवसांत एकेक करून विकणाऱ्याचे ६०० रुपयांतले ६० त्यातच जातात. एकाच दिवशी विकले तर १५.