दोन-तीन छोट्या कमाया जोडताना: त्या एकदम बंद पडणार नाहीत ना, हे कसे तपासावे

हातातले काम सोडू नका. दुसरे काम त्याच्या जोडीने सुरू करा, तुम्हाला आधीपासून येते तेच निवडा आणि त्यासाठी कर्ज काढू नका. इथपर्यंत फारसे अवघड नाही.

खरी अडचण पुढे येते. जितकी कामे जास्त तितका धोका कमी, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. एखादी बाई नवे कपडे शिवते, जुने दुरुस्त करते आणि पिशव्याही शिवून विकते. बघणाऱ्याला तीन कामे दिसतात, पण मशीन एक आणि हात तेच. मशीन बिघडले किंवा पाठ धरली की तिन्ही कमाया त्याच दिवशी थांबतात.

म्हणून कागदावर प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: पैसे कोण देते, कोणत्या महिन्यांत काम येते, ते कशावर अवलंबून आहे, आणि पैसे हातात कधी पडतात. मलाही इथेच सगळ्यात जास्त वेळ लागायचा, कारण ‘पैसे कोण देते’ ही पहिली गोष्ट आपण घाईत लिहितो आणि मग ती पुन्हा तपासावी लागते.

समजा, शाळेचे गणवेश शिवणे आणि घरी शिकवणी घेणे अशी जोडी आहे. महिने छान जुळतात. सुट्टीत शिकवणी थांबते तेव्हाच गणवेशांची घाई असते, आणि शाळा सुरू झाल्यावर शिवण ओसरते तेव्हा शिकवणी भरते. पण पैसे देणारे दोन्हीकडे शाळकरी मुलांचे पालकच. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा गणवेश कोणाला लागणार होते? वर्गात समोरासमोर चालणारी शिकवणीही थांबली. महिने जुळले म्हणून निर्धास्त राहू नका, पैशाचा उगम कुठे आहे ते पाहा.

इथे तिसरे काम शाळेशी संबंध नसलेलेच हवे. उदाहरणार्थ, एखाद्या छोट्या दुकानाचा हिशेब आठवड्यातून दोन सकाळी लिहून देणे. पैसे थोडे, पण दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मिळतात आणि त्याला मशीनही लागत नाही. मात्र गणवेशांच्या मोसमात तुम्ही किती वेळ देऊ शकाल, हे दुकानदाराशी आधीच बोलून घ्या. वेळ मोजताना जाण्यायेण्याचाही धरा. चौथे काम घेऊ नका. त्यात आधीच्या कामांच्या तारखा चुकतात आणि जुनी गिऱ्हाइके तुटतात.

प्रत्येक कामाचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. कापड-दोरा शिवणाच्याच पाकिटातून आणायचा, घरखर्चाला उरलेले काढायचे. मोसम चालू असूनही लागोपाठ दोन महिने दोऱ्यासाठी शिकवणीच्या पाकिटात हात घालावा लागला, तर शिवणकाम स्वतःचा खर्च भागवत नाही असे समजा. मग शिलाईचे दर वाढवा; गिऱ्हाईक ते द्यायला तयार नसेल, तर शिवण थांबवून तेवढा वेळ दुसऱ्या कामाला द्या.