जोतिबाहून आल्यावर पांढरे कपडे धुताना

चैत्री यात्रेहून आलात की कपडे थेट बादलीत टाकू नका. आधी गच्चीवर नेऊन कोरडेच झटका, कारण ओला झालेला गुलाल धाग्यात मुरतो. मग पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत गार पाण्यात खळबळून काढा. ब्लीचचं त्यानंतर.

आता तीन ढीग करा. सुती धोतर, पंचे, टॉवेल एकीकडे. टेरीकॉट, नायलॉन आणि लायक्रा किंवा इलॅस्टिक असलेलं सगळं दुसरीकडे. रेशीम आणि लोकर तिसरीकडे. कापड ओळखू येत नसेल तर शिवणीच्या आतला एक धागा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत, केस जळल्यासारखा आला तर रेशीम किंवा लोकर, आणि वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन.

क्लोरिनचं ब्लीच, म्हणजे बाटलीतलं झणझणीत वासाचं सोडियम हायपोक्लोराइट, फक्त पहिल्या ढिगासाठी. 10 लिटर गार पाण्यात साधारण 100 मिली आधी ढवळून घ्या, मगच कपडा टाका आणि 5 ते 10 मिनिटांत बाहेर काढा. रात्रभर ठेवलेलं धोतर शुभ्र निघतं खरं, पण आतून सूत कुजतं आणि पुढच्या धुण्यात पिळताना फाटतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरिनने उलट तांबूस छटा चढते.

दुसऱ्या ढिगाला क्लोरिन दाखवूच नका. लायक्रा पिवळी पडते, ताण सोडते. नायलॉनही पिवळं पडतं. चुरगळू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या शर्टांचं तेच, कारण ती प्रक्रिया क्लोरिन धरून ठेवते. पिवळं दिसलं म्हणून आणखी ब्लीच ओतलं तर रंग वाढतच जातो. इथे ऑक्सिजन ब्लीचची पावडर वापरा, तिच्यात सोडियम परकार्बोनेट असतं. गार पाण्यात ती जवळजवळ बसूनच राहते, म्हणून पाणी हाताला चांगलं कढत हवं. लायक्रा असेल तर मात्र कोमट पाणी घ्या आणि जरा जास्त वेळ भिजवा. गंजकं बटण किंवा हूक आधी उसवून ठेवा. लोखंडाजवळ या पावडरीचा जोर एकदम वाढतो आणि नेमकं तिथेच भोक पडतं.

तिसऱ्या ढिगाचं मी अनुभवाने शिकले. सासऱ्यांच्या रेशमी उपरण्यावर खांद्याला गुलाल होता, म्हणून तेवढाच कोपरा क्लोरिनमध्ये बुडवला. आधी पिवळा पडला, मग बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागला. रेशीम विरघळायला लागलं होतं. पिळलं तसं हातात आलं. परकार्बोनेटची पावडरही इथे नको, कारण पाण्यात तिचा धुण्याचा सोडा होतो आणि तो रेशीम-लोकरीला सोसत नाही. गार पाणी, सौम्य साबण, बस. डाग राहिला तर राहू दे, जोतिबाचाच आहे.

आणि न्हाणीघरातली संडास धुवायची ॲसिडची बाटली सुरुवातीलाच बाहेर ठेवा. ती क्लोरिनच्या पाण्यात सांडली तर विषारी वायू सुटतो.