डेटिंग मेथड्सचा तक्ता करायला बसण्याआधी

पुरातत्त्वात जुन्या वस्तूंचं वय काढायच्या ज्या पद्धती आहेत, रीडिंग वाचून त्यांचा पद्धत, मटेरियल, काळ, मर्यादा असा तक्ता करायचा असतो. मागच्या सेमिस्टरला मी तो करून नेला आणि सरांनी पोटॅशियम-आर्गनच्या ओळीवरच बोट ठेवलं, कारण मटेरियलखाली मी 'हाडं' लिहिलं होतं. रीडिंगमध्ये टांझानियातल्या ओल्डुवायची आदिमानवाची कवटी होती, 1959 मध्ये मेरी लीकींना सापडलेली, वय साडेसतरा लाख वर्षं, मग मी हाडं लिहून मोकळी. पण मोजली होती ती ज्वालामुखीची राख, कवटी नाही!

पेन्सिल, आडवा कागद वगैरे घ्याल तुम्ही. रीडिंग एकदा नुसतं वाचून काढा, तक्ता दुसऱ्या वाचनाला. चार कॉलम सांगितले असले तरी पाचवा आखाच: 'नक्की कशाची तारीख?' मी हाच विसरले होते. मटेरियल भरलं की लगेच तो भरा, नंतर भरू म्हणू नका. पोटॅशियम-आर्गनला तिथे 'उद्रेक' येतं, कारण वितळलेल्या खडकातला जुना आर्गन निघून जातो आणि खडक थंड झाला की पोटॅशियमपासून नवा साठायला लागतो, घड्याळ तिथून सुरू. कवटीचं वय मग थरांवरून, म्हणजे राखेच्या वर होती की खाली त्यावरून काढायचं.

कार्बन-14 ला तर पाचवा कॉलम हवाच हवा. समजा चुलीतला कोळसा आहे आणि तो 200 वर्षं वाढलेल्या सागाच्या गाभ्याचा आहे. गाभ्यातलं वलय एकदा तयार झालं की त्यात नवा कार्बन येत नाही, त्यामुळे लॅबने अगदी बरोबर मोजलं तरी तारीख चूल पेटल्याच्या साधारण 200 वर्षं आधीची येणार. कॉलममध्ये 'वलय वाढलं तेव्हा' लिहिलं असेल तर मर्यादांमध्ये काय लिहायचं ते आपोआप कळतं: जुनं लाकूड टाळा, जळालेलं धान्य मिळालं तर ते घ्या, ते एकाच हंगामाचं असतं.

टीएल म्हणजे थर्मोल्युमिनेसन्स, त्याला पाचव्या कॉलममध्ये 'मडकं शेवटचं तापलं तेव्हा'; ओएसएल म्हणजे ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स, त्याला 'वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन पाहिलं तेव्हा'. दोन्ही एकाच खान्यात कोंबू नका.

काळाच्या कॉलममध्ये आकड्याबरोबर कारण दोन शब्दांत लिहा. कार्बन साधारण 50,000 वर्षांपर्यंत, कारण दर 5,730 वर्षांनी कार्बन-14 निम्मा होतो आणि पुढे मोजण्याइतका उरत नाही. पोटॅशियम-आर्गनचं उलटं, एक लाख वर्षांपेक्षा तरुण खडकात आर्गन फारच थोडा.

तारखेपुढचं बीपी, म्हणजे 'बिफोर प्रेझेंट', हे 1950 च्या आधी, आजच्या आधी नव्हे. कार्बनची तारीख कॅलिब्रेट केलेली, म्हणजे खऱ्या कॅलेंडर वर्षांत बदललेली, आहे का ते बघा. 'महागडी' ही मर्यादा लिहू नका, ती सगळ्यांनाच लागते. आणि द्यायच्या आधी पाचवा कॉलम वरून खाली एकदा वाचा, एकही खाना रिकामा नको.