आठवड्याची भाजी: आधी जेवणं मोजा, मग पिशवी उचला

दादरच्या बाजारात रविवारी सकाळी भाजी स्वस्त मिळते, आणि माझे पैसे नेमके तिथेच वाया जायचे. पाव किलो गवार हवी असायची, पण किलोचा भाव ऐकून किलोभर घ्यायचे. गुरुवारी त्यातली अर्धी कचऱ्यात.

आता शनिवारी रात्री आधी फ्रिज उघडते आणि उरलेलं कागदावर लिहिते. परवा अर्धा कोबी, दोन गाजरं आणि वाटीभर ओलं खोबरं निघालं. म्हणजे एका दिवसाची भाजी घरातच होती.

मग कॅलेंडर बघायचं. आम्ही घरात चौघं. सासूबाईंचा गुरुवारी उपास, मुलाला शुक्रवारी कॉलेजातून परतायला उशीर होतो, तो बाहेरच खातो. ही दोन ताटं आधीच वजा. बुधवारी मासे, ते त्याच दिवशी आणायचे, म्हणून रविवारच्या यादीत नाहीत.

यानंतरचा भाग महत्त्वाचा: जे आधी खराब होतं ते आधी शिजवायचं. सोमवारी मेथी, कारण तिची पानं दोन दिवसांत पिवळी पडायला लागतात. मंगळवारी भेंडी, ती उशिरा केली की टोकं काळी पडतात आणि बुळबुळीत होते. गुरुवारी चणाडाळ घालून दुधी, शुक्रवारी तो अर्धा कोबी गाजर घालून. शनिवारी मटकीची उसळ: मटकी गुरुवारी रात्री भिजत घालायची, शुक्रवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. मुंबईच्या उकाड्यात शनिवार सकाळपर्यंत छान मोड येतात. आंबट वास यायला लागला तर मात्र उशीर झाला. रविवारची रात्र मुद्दाम रिकामी ठेवते, उरल्यासुरल्यासाठी.

आता यादी. नुसतं ‘मेथी, भेंडी’ लिहू नका, माप लिहा, नाहीतर भाजीवाली ठरवते. आमच्या चौघांसाठी: मेथी दोन जुड्या (शिजून मूठभर होते), भेंडी अर्धा किलो, मध्यम दुधी एक, टोमॅटो अर्धा किलो, कोथिंबीर एक जुडी. कोबी-गाजर यादीत नाहीत. मटकी डब्यात आहे का ते पाहूनच लिहायची.

कोथिंबीर आणल्यावर धुवायची नाही. मुळं कापून, सडकी पानं काढून, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवायची. पावसाळ्यात जुडीच ओली येते, तेव्हा आधी तासभर पंख्याखाली पसरायची. एवढं करूनही पावसात पालेभाजी चार दिवस टिकेल असं धरू नका, सोमवारीच संपवा.

बेत मोडतोच. मंगळवारी अचानक पाहुणे आले तर दुधी पुढे ओढा आणि गुरुवारी पिठलं. म्हणूनच बेसन यादीबाहेर, कायम घरात.