वर्षभराच्या एएमसीचं बिल आगाऊ फाडताय? हिशोबातल्या या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या छोट्या फर्मांची टॅली माझ्याकडे येते. एसी दुरुस्तीवाले, सीसीटीव्हीवाले, जनरेटरवाले, मच्छीच्या कोल्ड स्टोरेजची मशिनरी सांभाळणारे, सगळे वार्षिक देखभालीचं बिल आधीच फाडतात आणि सगळ्यांच्या वह्यांत तीच ती गडबड असते. दरवर्षी तोंडाने सांगून झालं, आता एकदा नीट लिहून ठेवतो.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. मालवणातल्या एका भागीदारी फर्मने एका हॉटेलला 1 जानेवारी 2025 ते 31 डिसेंबर 2025 या वर्षाच्या एसी देखभालीचं बिल 1 जानेवारीलाच दिलं. सेवेचे 1,20,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 21,600, एकूण 1,41,600. हॉटेलने पैसे दिले 10 एप्रिलला.

चूक पहिली, आणि सगळ्यात महागडी: अख्खं बिल त्याच दिवशी विक्रीत टाकणं

टॅलीत सेल्स व्हाउचर उघडलं, एएमसी सेल्सला 1,20,000 जमा केले, एंटर मारला, झालं काम. चुकतं ते इथेच. 31 मार्चला फर्मने सेवा दिलीय तीन महिन्यांची, म्हणजे कमाई 30,000. उरलेले 90,000 हे हॉटेलचं फर्मवर असलेलं देणं आहे, पैशात नाही तर कामात फेडायचं देणं. फेब्रुवारीत हापूसच्या पेटीचे पैसे घेतले आणि पेटी मे महिन्यात द्यायचीय, तर पेटी हातात पडेपर्यंत आपण त्या माणसाचं देणं लागतो, तसंच हे.

हे न पाळल्यामुळे काय होतं ते कुडाळकडच्या एका फर्मच्या वह्यांत मी जवळून बघितलंय. दोघे भागीदार, काम चोख, मे महिन्याच्या टुरिस्ट सीझनआधी हॉटेलं आणि होमस्टेंशी करार करायचे. एका वर्षी 18 लाखांची बिलं फाडली, सगळी 1 मार्चपासून वर्षभरासाठी, आणि सगळीच्या सगळी मार्चच्या विक्रीत. खरी कमाई एका महिन्याची, दीड लाख. बाकीचे साडेसोळा लाख पुढच्या वर्षाचे, पण नफ्यात दिसले याच वर्षी. फर्मला कर 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे न कमावलेल्या पैशावर पाच लाखांच्या वर कर एक वर्ष आधी भरला गेला. शिवाय नफा दिसतोय म्हणून दोघांनी उचलही मोठी केली. मी विचारलं तर मोठे भागीदार म्हणाले, "पैसे खात्यात इले, बिल फाडला, मगे कमाई झाली नाय तर काय झाली?"

मग पावसाळा आला. खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटच्या कॉइल खाल्ल्या, गॅस भरा, पीसीबी बदला, टेक्निशियनचे पगार द्या, खर्च सगळा सुरू आणि त्या करारांचं उत्पन्न वहीत शून्य. सप्टेंबरअखेरच्या आकड्यांत धंदा बुडीत दिसायला लागला. एक भागीदार तर एएमसीचं कामच बंद करूया म्हणत होता, जेव्हा की त्या कामात चांगला नफा होता, फक्त तो चुकीच्या वर्षात बसला होता. त्यातच ऑगस्टअखेर एका हॉटेलने करार तोडला आणि उरलेल्या सहा महिन्यांचे पैसे मागितले. बिल 2,40,000 चं, परत द्यायचे 1,20,000 आणि त्यावरचा जीएसटी. वहीत देणं दाखवलेलंच नव्हतं, त्यामुळे 1,20,000 चा भार थेट चालू वर्षाच्या नफ्यावर आला. आगाऊ उत्पन्नाचं खातं असतं तर तिथे नेमके तेवढेच 1,20,000 पडलेले असते, नफ्याला धक्काही लागला नसता.

काही जण म्हणतात, दरवर्षी असंच करतो, एक वर्ष पुढे एक वर्ष मागे, हिशोब शेवटी एकच. तो एकच तेव्हा राहतो जेव्हा दरवर्षी करार तेवढेच, रक्कम तेवढीच आणि तारखाही त्याच. करार वाढले की कर आधी जातो आणि कमी झाले की खड्डा दिसतो. मला हा युक्तिवाद आळशीपणाचा वाटतो.

माझी पद्धत अशी. टॅलीत करंट लायबिलिटीजखाली "आगाऊ एएमसी उत्पन्न" नावाचं खातं काढायचं. 1 जानेवारीला हॉटेलच्या नावे 1,41,600, जमा बाजूला या खात्यात 1,20,000 आणि सीजीएसटी-एसजीएसटी प्रत्येकी 10,800. मग दर महिनाअखेर एकच जर्नल: आगाऊ खात्याच्या नावे 10,000, एएमसी उत्पन्नात जमा 10,000. 31 मार्चला आगाऊ खात्यात 90,000 दिसले पाहिजेत. वर्षाच्या शेवटी एकदम एंट्री मारू म्हणणारे बरेच असतात, पण मी महिन्यालाच मारतो, कारण मार्चमध्ये कुणालाच कुठला करार कधी सुरू झाला ते आठवत नाही.

मोजणी सेवा सुरू झाल्याच्या तारखेपासून करा, बिलाच्या तारखेपासून नाही. करार 17 मार्चला सुरू झाला तर त्या महिन्याचे 15 दिवस, म्हणजे 1,20,000 ला 365 ने भागून गुणिले 15, साधारण 4,932 रुपये. अख्खा महिना धरू नका.

आणि दर महिन्याला सारखी विभागणी केव्हा? बोलवाल तेव्हा येऊ, कितीही वेळा येऊ, असा करार असेल तेव्हा. लेखा मानक 9 हेच सांगतं, की ठरावीक मुदतीत किती वेळा काम करायचं ते नक्की नसेल तर सरळ मुदतीवर वाटा, काम वेगळ्या प्रमाणात होतंय याचा पुरावा असेल तर त्या प्रमाणात. मर्कंटाइल पद्धतीवाल्यांना, म्हणजे पैसे कधी येतात-जातात ते न बघता कमाई आणि खर्च ज्या काळाचा त्या काळात धरणाऱ्यांना, आयकरातही अशा कामासाठी सरळ विभागणी चालते. पण करारात फक्त चार सर्व्हिसिंग लिहिलेत आणि मधल्या कॉलचे पैसे वेगळे, तर झालेल्या सर्व्हिसिंगवर मोजा. त्यातलं एक मार्चअखेर झालं असेल तर चौथा हिस्सा. म्हणून मी एंट्री मारायच्या आधी करार वाचायला मागतो, नुसतं बिल बघून सांगत नाही.

चूक दुसरी: उत्पन्न रोखीवर, खर्च मर्कंटाइलवर

आगाऊ उत्पन्नाचं ऐकलं की काही हुशार लोक म्हणतात, मग आपण कॅश बेसिसवरच राहू, कटकट नको. चालेल, पण मग पूर्ण राहा. आपल्या उदाहरणात कॅश बेसिसवर जानेवारीत उत्पन्न शून्य, कारण नुसतं बिल फाडणं म्हणजे काहीच नाही. 10 एप्रिलला पैसे आले की सगळेच्या सगळे 1,20,000 2025-26 चं उत्पन्न, त्यातले जवळपास नऊ महिने काम बाकी असलं तरी. आणि हेच पैसे 28 मार्चला आले असते तर सगळे 2024-25 चे. मर्कंटाइलवर मात्र पैसे कधीही येवोत, 30,000 आधीच्या वर्षाला आणि 90,000 पुढच्या वर्षाला. फरक एवढाच आहे, पण तो नीट डोक्यात बसवा.

लोक करतात काय, तर उत्पन्न पैसे आल्यावर धरतात आणि मार्चचा न दिलेला पगार, पार्टवाल्याचं न भरलेलं बिल मात्र 31 मार्चला खर्चात टाकतात. आयकर कायद्यानुसार धंद्याच्या उत्पन्नाला रोख किंवा मर्कंटाइल यातली एकच पद्धत आणि तीही सातत्याने. मिश्र पद्धत 1997-98 च्या आकारणी वर्षापासून बंद आहे. हे जाणूनबुजून करणारे कमी, बहुतेक ठिकाणी विक्री एक माणूस लिहितो, खर्च दुसरा, आणि दोघांचं बोलणं होत नाही. मी ताळेबंदात बघतो: येणेकरी एकही नाही आणि देणेकरी मात्र ओळीने, असं दिसलं की खिचडी झालीय हे समजतं.

प्रायव्हेट लिमिटेड काढली असेल तर हा प्रश्नच उरत नाही. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीची वही मर्कंटाइलवरच लागते.

चूक तिसरी: जीएसटीसुद्धा महिन्याला वाटणं

हे बघितलं की मला खरंच राग येतो, कारण यात व्याज लागतं. उत्पन्न बारा महिन्यांत वाटलं म्हणून जीएसटी वाटला जात नाही. बिल जानेवारीत फाडलं तर पूर्ण 21,600 जानेवारीच्या रिटर्नमध्ये. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याने ते 20 फेब्रुवारीपर्यंत भरायचे, हॉटेलचे पैसे एप्रिलला येणार असले तरी. कॅश बेसिसवाल्यांनाही यातून सूट नाही. पदरचे पैसे घालायचे नसतील तर करारातच पैसे देण्याची तारीख लिहा, आधी प्रोफॉर्मा पाठवा आणि त्या तारखेला टॅक्स इन्व्हॉइस द्या. मात्र आगाऊ पैसे आधी आले तर जीएसटी त्याच दिवशी लागू झाला.

जीएसटीची रक्कम आगाऊ उत्पन्नाच्या खात्यात घालू नका, ती आपली कमाई कधीच नव्हती. आणि रिटर्नमधली उलाढाल वहीतल्या उत्पन्नाशी जुळणार नाही, ती जुळवायला विक्री बदलू नका, फरकाचा तक्ता ठेवा.

टीडीएसचं थोडक्यात

हॉटेलने जानेवारीत बिल वहीत घेतलं आणि 1,20,000 वर 2 टक्के, म्हणजे 2,400 कापले, तर ते सगळे 2024-25 च्या 26एएसमध्ये दिसतात. आपण उत्पन्न दाखवतोय 30,000. मग क्रेडिट पण त्याच प्रमाणात, 600 याच वर्षी आणि 1,800 रिटर्नमध्ये पुढे ओढायचे. घाईत सगळे 2,400 घेतले की उत्पन्न आणि टीडीएसचा मेळ बसत नाही आणि नोटीस येते. पुढे ओढायचे विसरलात तर 1,800 मागे लागून सोडवावे लागतात.

मार्चमध्ये बसूनच एकदा तपासा

चालू करारांची यादी काढा, प्रत्येकापुढे सुरुवात, शेवट, बिलाची रक्कम आणि 31 मार्चनंतरचे उरलेले दिवस लिहा, उरलेल्या दिवसांची रक्कम काढून बेरीज करा. ती बेरीज आगाऊ खात्याच्या शिल्लकेच्या आसपास यायला हवी. महिन्यावर वाटलं असेल तर दिवसांच्या हिशोबात थोडा फरक पडतो, तो चालेल. हजारोंचा फरक असेल तर एखादा करार सरळ विक्रीत गेलाय किंवा संपलेल्या कराराची रक्कम अजून पडून आहे. आणि 1 एप्रिलपासून सुरू होणारं बिल 20 मार्चलाच फाडलंय, पैसे आलेले नाहीत, हॉटेल अजून नाही म्हणू शकतं, असं असेल तर ते येण्यात आणि देण्यात दोन्हीकडे दाखवून ताळेबंद फुगवू नका. बँकेला कॅश क्रेडिटसाठी येणेकऱ्यांची यादी देताना अशी बिलं मी काढूनच टाकतो.