'पेंदेहो' म्हणण्याआधी देश पाहा

अर्जेंटिनात कुणी स्पॅनिशमध्ये 'मी पेंदेहो होतो तेव्हा' म्हणालं, तर ते फक्त लहानपणाबद्दल बोलत असतं. तिथल्या बोलीत पेंदेहो म्हणजे पोरगा. मेक्सिकोत मात्र हीच शिवी आहे, 'मूर्खा'पेक्षा बरीच जहाल. अनोळखी माणसाला म्हटलीत तर भांडणच होईल. पेरूत तिसराच अर्थ निघतो, बेरकी माणूस. अर्जेंटिनातही कुणाला तोंडावर पेंदेहो म्हणू नका, 'पोरकट' असा टोमणा लागतो. मुलासाठी 'मुचाचो' कुठेही चालतो.

बोलीतला नवा शब्द कानावर पडला की dle.rae.es या स्पॅनिश शब्दकोशाच्या साइटवर शोधा. अर्थाआधी Arg., Méx. अशी देशांची संक्षिप्त नावं असतात, ती आधी वाचा. शेजारी malson. दिसलं, तर तो शब्द असभ्य समजा.