प्रायोजकाचे आभार मानावेत, त्याची जाहिरात करू नये

परळच्या एका चाळीची दिवाळी पहाट. पत्रिकेत छापायचा मजकूर माझ्याकडे आला तो असा: ‘गेली चाळीस वर्षे विश्वासाचे दुसरे नाव असलेले सुप्रसिद्ध अबक ज्वेलर्स यांचे मोलाचे सहकार्य लाभले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ (खरे नाव इथे देत नाही.) ‘अबक’ खोडून शेजारच्या फरसाणवाल्याचे नाव घाला, वाक्य जसेच्या तसे चालते. म्हणजे हे आभार कुणाचेच नाहीत.

म्हणून लिहायला बसण्याआधी खजिनदाराला विचारा की या पैशातून नेमके काय आले. ‘कार्यक्रमासाठी दिले’ हे उत्तर पुरत नाही. इथे विचारल्यावर कळले की दोनशे खुर्च्यांचे भाडे आणि तबला-पेटीच्या साथीदारांचे मानधन त्यातून गेले. मग आणखी एक प्रश्न: गेल्या वर्षी हे नव्हते तेव्हा काय झाले होते? सतरंज्यांवर बसलेले ज्येष्ठ गुडघे धरून मध्यंतरातच घरी गेले होते. मजकूर इथे सापडतो, दुकानाच्या माहितीपत्रकात नाही.

आता काळ सांभाळा. पत्रिका छापली जाते आधी आणि वाचली जाते कार्यक्रमात बसून. त्यामुळे वाचणाऱ्याच्या त्या क्षणाला धरून लिहा:

‘आज आपण ज्या खुर्चीवर बसला आहात, ती अबक ज्वेलर्स यांनी दिलेली आहे. साथीदारांचे मानधनही त्यांचेच. गेल्या वर्षी सतरंजीवरून लवकर उठावे लागलेले आपले आजी-आजोबा यंदा शेवटची भैरवी ऐकून जातील. चाळ अबक ज्वेलर्स यांची आभारी आहे.’

विशेषणे, पत्ता, फोन, ‘घडणावळीवर सूट’ हे सगळे गेले. रक्कमही छापू नका. दुसऱ्या देणगीदाराला ती उगाच टोचते. लोगोचा शब्द दिला असेल तर तो पाळा, पण मागच्या पानावर, जाहिरात म्हणून. दोन्ही एकाच चौकटीत आले की आभारही विकत घेतल्यासारखे दिसतात.

हा फरक करखात्यालाही कळतो बरं का. धर्मादाय संस्थेच्या आवारात देणगीदाराचे नाव लावण्याबाबत ११ ऑक्टोबर २०१९ चे केंद्रीय परिपत्रक आहे. देणगी परोपकारासाठी असेल आणि नाव केवळ कृतज्ञतेपोटी, धंद्याची प्रसिद्धी न करता लावले असेल, तर जीएसटी नाही. परिपत्रकातल्या एका उदाहरणात खोलीवर एवढेच लिहिले आहे की ती वडिलांच्या स्मरणार्थ दिली. तुमच्या पत्रिकेला ते लागू पडते का, हे मात्र सीएला विचारा, विशेषतः लोगोच्या बदल्यात पैसे घेतले असतील तर.

शेवटी प्रूफ प्रायोजकाला दाखवा, नावातले ऱ्हस्व-दीर्घ तपासायला. ‘अजून थोडं आमच्याबद्दल टाका ना’ असे तो म्हणेलच. तेव्हा मागचे पान दाखवायचे.